सत्त्याऐंशी लाख ठिपके आणि एक टिंब

ए-फोर आकाराचं एक बिल इंचाला ३०० ठिपके या दराने स्कॅन केलं, की आडवे २,४८० आणि उभे ३,५०८ ठिपके पडतात. गुणाकार केला तर ८६,९९,८४०, म्हणजे जवळजवळ सत्त्याऐंशी लाख पिक्सेल. त्या बिलावर आठ पॉइंटच्या बारीक टायपात ३,१८७.५० अशी एक रक्कम छापलेली आहे असं धरा. तिच्यातलं दशांशचिन्ह या अवाढव्य चित्रात दहाएक पिक्सेलचं असतं. तेवढे दहा पिक्सेल नजरेआड झाले, की तीन हजार एकशे साडेसत्त्याऐंशी रुपयांचे तीन लाख अठरा हजार सातशे पन्नास होतात. सुमारे पावणेनऊ लाखांत एक ठिपका आणि शंभरपटीचा फरक, असं हे प्रमाण आहे.

ओसीआर म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणारं सॉफ्टवेअर. हिशेबाच्या कागदांवर ते का चुकतं, याचं उत्तर बरंचसं या दहा पिक्सेलमध्ये आहे. पण सगळं नाही. कागदावरचा आकडा खातेवहीत पोचेपर्यंत दोन वेगळी कामं होतात. आधी आकडा काय आहे ते वाचायचं, आणि मग तो आकडा कशाचा आहे ते ठरवायचं. पहिल्यात चूक झाली तर ६ चा ८ होतो. दुसऱ्यात चूक झाली तर अगदी बरोबर वाचलेली कराची रक्कम एकूण रकमेच्या रकान्यात जाऊन बसते. लोक दोन्हींना सरसकट ‘ओसीआर चुकलं’ म्हणतात, आणि म्हणून भलत्याच रोगावर औषध करत बसतात.

एक बिल घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरून ठेवू. हार्डवेअरच्या एका दुकानाचं, तीन ओळींचं. पहिला माल २४ नग, दर ३८५, रक्कम ९,२४०.०० रुपये. दुसरा ६ नग, दर १,१८०, रक्कम ७,०८०.००. तिसरा १५ नग, दर २१२.५०, रक्कम ३,१८७.५०. करपात्र रक्कम १९,५०७.५०. त्यावर नऊ टक्के सीजीएसटी १,७५५.६८ आणि तेवढाच एसजीएसटी. बेरीज २३,०१८.८६, चौदा पैसे राउंड ऑफ, आणि एकूण २३,०१९.००. बिलं हार्डवेअरची असोत की किराण्याची, बहुतेकांची रचना साधारण अशीच असते.

आता हे बिल यंत्राच्या नजरेने पाहू. आठ पॉइंटमधला एक अंक ३०० ठिपक्यांच्या स्कॅनमध्ये तेवीसएक पिक्सेल उंच असतो. तेवढ्यात ६ आणि ८ यांतला फरक व्यवस्थित दिसतो, कारण ६ च्या उजव्या खांद्याशी असलेली फट चार-पाच पिक्सेलची असते. पण बिलं अशी शहाण्यासारखी स्कॅन होऊन येतातच कुठे? दुकानातला मुलगा मोबाइलवर फोटो काढतो आणि मेसेजवर धाडतो. वाटेत अ‍ॅप तो फोटो लहान करतं. लांब बाजूला १,६०० पिक्सेल उरले, तर ए-फोर कागदावर इंचाला जेमतेम १३७ ठिपके पडतात, आणि तेही कागदाने फोटोची चौकट पुरती भरली असेल तर. टेबलाचा काठ, पेपरवेट आणि चहाचा ग्लासही फोटोत आला असेल, तर इंचाला शंभरही उरत नाहीत. मग अंक आठ पिक्सेल उंच, ६ ची फट एका-दीड पिक्सेलची आणि दशांशचिन्ह अवघं एक पिक्सेल. कागदाच्या पोतातला एखादा काळा कणही एवढाच असतो.

इथे एक विचित्र गोष्ट घडते. ओसीआरच्या आधी चित्र साफ करण्याची पायरी असते. धूळ, शाईचे शिंतोडे, फोटोकॉपीचे डाग काढून टाकायचे, म्हणजे अमुक पिक्सेलपेक्षा लहान असलेला सुटा काळा ठिपका पुसायचा. दशांशचिन्ह हा लहान, सुटा, काळा ठिपकाच असतो. साफसफाई जितकी कडक, तितकी दशांशचिन्हं जास्त जातात. चित्र डोळ्यांना जास्त स्वच्छ दिसतं आणि रकमा शंभरपट होतात. एखाद्या कार्यालयात अचानक पैशांशिवायच्या लांबलचक रकमा येऊ लागल्या, तर ओसीआरचं इंजिन बदलण्याआधी ही पायरी बंद करून पाहावी.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची बिलं याहून वाईट. कार्बन कॉपी निघते म्हणून अनेक दुकानदारांनी तो अजून सोडलेला नाही. त्याचा प्रत्येक अंकच सुट्या ठिपक्यांचा बनलेला असतो. साफसफाई कडक केली तर अंक विरतो, सैल केली तर कागदाचे डाग अंक म्हणून आत येतात. शिवाय बिलावर रकान्यांच्या उभ्या रेघा असतात. ९,२४०.०० ही रक्कम डावीकडच्या रेघेला टेकून छापली गेली, की ती रेघ १ म्हणून वाचली जाते आणि पडद्यावर `19,240.00` उमटतं. हा अपघात इतका नेहमीचा आहे, की रकमेच्या अगदी पुढे आलेल्या १ कडे या कामातली माणसं आधी संशयानेच बघतात.

कधी कधी ओसीआरच्या हाती येणारं चित्रच खोटं असतं. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने झेरॉक्स कंपनीच्या वर्कसेंटर मालिकेतल्या यंत्रांबद्दल हे उघडकीला आणलं. घराच्या आराखड्याची प्रत काढली, तर तीन खोल्यांची निरनिराळी क्षेत्रफळं प्रतीत एकच झाली होती, १४.१३ चौरस मीटर. त्यात ओसीआर नव्हतंच. फाइल लहान व्हावी म्हणून यंत्र एकमेकांसारखे दिसणारे तुकडे एकदाच साठवायचं आणि तोच तुकडा दुसऱ्या जागीही चिकटवायचं. ६ च्या जागी ८ आला, तर तो धूसर नसायचा, चांगला ठसठशीत ८ असायचा. कंपनीने पुढे दुरुस्तीचं सॉफ्टवेअर दिलं. पण अस्पष्ट अंकाची शंका तरी येते, ठसठशीत चुकीच्या अंकाची येत नाही.

तरीही एक प्रश्न उरतोच. हेच ओसीआर, हाच फोटो, आणि तरी दुकानाचं नाव आणि पत्ता बहुधा बरोबर येतो. रकमाच का बिघडतात?

कारण शब्दांना शेजारी सांभाळून घेतात, अंकांना कुणी घेत नाही. रोमन लिपीत सहा अक्षरं कशीही मांडली तर ३० कोटी ८९ लाख जुळण्या होतात आणि त्यातल्या अगदी थोड्याच खरे इंग्रजी शब्द असतात. म्हणजे एखादं अक्षर फुटलं तरी उरलेल्या पाचांवरून सहावं कोणतं ते कळतं. आजची ओसीआर इंजिनं हा आधार सर्रास घेतात. टेसरॅक्ट हे खुलं इंजिन ह्यूलेट-पॅकार्डमध्ये १९८५ ते १९९४ या काळात घडलं आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. २०१८ मधल्या चौथ्या आवृत्तीपासून ते एकेक अक्षर सुटं न ओळखता अख्खी ओळ न्यूरल नेटवर्कने वाचतं. त्यामुळे शब्दांत कमालीची सुधारणा झाली. पण सहा अंकांच्या दहा लाख जुळण्या होतात आणि त्या जवळजवळ सगळ्या शक्य रकमा असतात. २,४७,३१८ मधला ७ फुटला, तर उरलेल्या पाच अंकांना त्याच्याबद्दल काहीही सांगता येत नाही. तिथे उरतात ते फक्त पिक्सेल.

आपल्या बिलांची एक खास अडचण आहे ती रुपयाच्या चिन्हाची. ₹ हे चिन्ह भारत सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते युनिकोडमध्ये आलं. ओसीआर फक्त त्याला शिकवलेल्या चिन्हांच्या यादीतूनच उत्तर देऊ शकतं. यादीत ₹ नसेल, तर ‘हे मला माहीत नाही’ असं ते म्हणत नाही. जवळात जवळ दिसणारं काहीतरी ठोकून देतं. ते बहुतेकदा २ किंवा ७ असतं, कधी इंग्रजी एफ. इंग्रजी एफ आला तर नशीब, कारण रकमेत अक्षर दिसताच प्रोग्राम अडतो. २ आला तर आपल्या बिलाची एकूण रक्कम अशी उमटते:

```
223,019.00
```

या आकड्याकडे नीट बघा. दोन लाख तेवीस हजार एकोणीस रुपये आपल्याकडे असे लिहीत नाहीत. आपल्याकडे २,२३,०१९.०० असं लिहितात, शेवटचे तीन अंक आणि मग दोन-दोन. स्वल्पविरामाच्या डावीकडे तीन अंक सलग येणं आपल्या पद्धतीत शक्यच नाही. म्हणजे पुढचा अंक उपरा आहे, हे स्वल्पविरामानेच सांगितलं. गंमत अशी, की बरेचसे प्रोग्राम आकडा साठवताना स्वल्पविराम आधी काढून टाकतात, आणि साक्षीदारच नाहीसा होतो. स्वल्पविराम पाश्चात्त्य पद्धतीने टाकणारं बिलिंगचं सॉफ्टवेअर असेल, तर मात्र ही साक्ष मुळातच मिळत नाही. शिवाय रक्कम ₹३,०१९ असती, तर २३,०१९ असा बिनचूक दिसणारा आकडा तयार झाला असता आणि स्वल्पविरामाला काहीच बोलता आलं नसतं.

आता प्रमाणाकडे वळू. ओसीआर विकणारे ‘९९ टक्के अचूकता’ असं सांगतात तेव्हा ती बहुधा दर अक्षरामागे मोजलेली असते, आणि स्वच्छ छापील पानावर. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो. प्रत्येक अक्षर बरोबर येण्याची शक्यता ९९ टक्के असेल, तर पंधराच्या पंधरा बरोबर येण्याची ८६ टक्के. म्हणजे शंभरातले चौदा जीएसटी क्रमांक चुकीचे. एका बिलातून क्रमांक, तारीख, दर, रकमा मिळून साधारण १५० अक्षरं उचलावी लागतात असं धरलं, तर संपूर्ण निर्दोष बिलांचं प्रमाण शंभरात बावीसवर येतं. अक्षरामागे अचूकता ९९.९ वर नेली, तर ते शंभरात ८६ होतं.

ऐकायला हे बरं वाटतं. पण २०० अशिलांचं काम करणाऱ्या एका सीए कार्यालयाचा विचार करा. प्रत्येकाची महिन्याला दीडशे खरेदीची बिलं धरली तर ३०,००० बिलं आणि ४५ लाख अक्षरं होतात. हजारात एक चूक म्हणजे दरमहा ४,५०० चुकीची अक्षरं, आणि वरच्या हिशेबाने निदान एक तरी चूक असलेली सुमारे ४,२०० बिलं. प्रत्यक्षात चुका अशा सारख्या पसरत नाहीत. त्या फिकट थर्मल पावत्यांवर आणि चुरगळलेल्या बिलांवर गर्दी करतात, त्यामुळे बिघडलेल्या बिलांची संख्या याहून कमी आणि प्रत्येकातल्या चुका जास्त असतात. हे एका अर्थी बरंच आहे, कारण वाईट कागद आधीच वेगळे काढता येतात. चुका समान वाटल्या गेल्या असत्या, तर तीसच्या तीस हजार बिलं माणसाला बघावी लागली असती.

इथवर झालं ते वाचण्याचं. आता दुसरं काम, म्हणजे वाचलेल्यातला कोणता आकडा कशाचा हे ठरवणं.

यातली जुनी आणि साधी पद्धत टेम्प्लेटची. एका दुकानाच्या बिलाचा नमुना घ्यायचा आणि त्यावर चौकटी आखायच्या. बिल क्रमांक इथे, तारीख तिथे, आणि एकूण रक्कम डावीकडून १,८५० ते २,३५० पिक्सेल आणि वरून २,६९० ते २,७४० पिक्सेल यांमधल्या चौकटीत. मग त्या दुकानाचं कोणतंही बिल आलं, की तेवढ्याच चौकटीत बघायचं. बाकी पानाशी देणंघेणं नाही. ही पद्धत स्वस्त आहे, अतिशय वेगवान आहे, आणि चुकली तर का चुकली हे दहा मिनिटांत सापडतं. धनादेशाच्या तळाशी असलेली चुंबकीय शाईची ओळ हे अशा ठरीव जागेचंच टोकाचं रूप म्हणता येईल. तिथे जागाही ठरलेली, आणि अक्षरंसुद्धा ई-१३बी नावाच्या खास वळणाची, दहा अंक आणि चार खुणा, बास. भारतातला नऊ अंकी एमआयसीआर क्रमांक याच वळणात असतो. पहिले तीन अंक शहराचे, पुढचे तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. कागदाने यंत्राशी एवढं जुळवून घेतलं, की दोन्ही कामं सोपी होतात.

दुकानांची बिलं असं जुळवून घेत नाहीत. आपल्या बिलात बेरजा मालाच्या यादीच्या लगेच खाली छापल्या जातात, आणि ओळींतलं अंतर ५० पिक्सेल आहे. पुढच्या बिलात तीनऐवजी पाच वस्तू आल्या, ९६ रुपयांचे १० नग आणि ४५० रुपयांचे ४ नग वाढले. करपात्र रक्कम २२,२६७.५० झाली, प्रत्येकी कर २,००४.०८ आणि एकूण २६,२७६.००. दोन ओळी वाढल्यामुळे खालचं सगळं १०० पिक्सेल खाली सरकलं. आपली चौकट मात्र आहे तिथेच उभी आहे, आणि तिच्यात आता एकूणच्या दोन ओळी वरचा एसजीएसटी आला आहे. टेम्प्लेट बिनदिक्कत सांगतं, एकूण रक्कम २,००४.०८. अंक न अंक बरोबर वाचलेला, दशांशचिन्ह जागेवर, इंजिनाचा आत्मविश्वास ९९ टक्के, आणि उत्तर साफ चूक. एकच ओळ वाढली असती तर चौकटीत राउंड ऑफचे पैसे आले असते आणि कुणाच्याही चटकन लक्षात आलं असतं.

ओळी वाढल्या नाहीत तरी कागद वाकडा असतोच. स्कॅनरमध्ये पान एक अंशाने तिरकं गेलं, तर डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत ४३ पिक्सेलचा फरक पडतो. ओळींतलं अंतर ५०. म्हणजे डोळ्याला जाणवणारही नाही एवढ्या तिरकसपणाने उजवीकडची रक्कम जवळजवळ पूर्ण एक ओळ सरकते. तिरकेपणा आधी सरळ करून घेतात, पण पातळ कागदाचा फोटो मध्येच फुगलेला असेल तर एकच कोन सगळ्या पानाला लागू पडत नाही.

यावर तोडगा म्हणून चौकटीऐवजी शब्दाला धरून बसणारी टेम्प्लेटं आली. `Grand Total` हे शब्द शोध आणि त्यांच्यापुढची रक्कम उचल:

```
Grand Total\s+([\d,]+\.\d\d)
```

ओळी कितीही वाढल्या तरी हे चालतं, बहुतेक वेळा उत्तम चालतं. पण या नियमाला पान दिसत नाही, ओसीआरने दिलेला सपाट मजकूर दिसतो. रकाने दूर दूर असले की ओसीआर कधी कधी डावीकडचा रकाना आधी संपूर्ण वाचतं आणि मग उजवीकडचा. मजकुरात CGST, SGST, Round Off, Grand Total अशी शब्दांची रांग आधी लागते आणि आकड्यांची नंतर. `Grand Total` च्या पुढे जो पहिला आकडा येतो तो त्याचा नसतोच, रांगेतला पहिला असतो. कागदावर शेजारी असलेल्या दोन गोष्टी मजकुरात फार लांब जाऊन पडतात.

आणि दुकानं किती? त्या दोनशे अशिलांचे मिळून पुरवठादार हजारांत असतात. प्रत्येकाला एक टेम्प्लेट करायचं, आणि एखाद्याने बिलिंगचं सॉफ्टवेअर बदललं की नवं करायचं. ते बदललंय हे कुणी कळवत नाही. ते चुकीच्या नोंदींतूनच कळतं.

मांडणी ओळखणारी पद्धत इथे उपयोगी पडते. तिच्यात आधीपासून आखलेली चौकट नसते. पानावरचा प्रत्येक शब्द आपली जागा बरोबर घेऊन येतो. २०१९ च्या डिसेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी लेआउटएलएम नावाचं मॉडेल मांडलं. त्यात पान कितीही मोठं असलं तरी ते आडवं-उभं ० ते १,००० अशा मापात बसवतात. आपल्या एकूण रकमेच्या चौकटीची जागा मग ७४६, ७६७, ९४८, ७८१ अशी होते. शब्द आणि हे चार आकडे मिळून मॉडेलला एक गोष्ट म्हणून दिले जातात. शिकवताना काही शब्द झाकतात, त्यांची जागा मात्र उघडी ठेवतात, आणि मॉडेलला विचारतात की इथे कोणता शब्द असेल. असं लाखो पानांवर केलं की त्याला उमगतं, उजवीकडे खाली, आकड्यांच्या उभ्या रांगेच्या तळाशी, डावीकडे ‘टोटल’सारखा शब्द असलेल्या जागी साधारण काय असतं.

ही लाखो पानं कुठली, तर अमेरिकी तंबाखू कंपन्यांची. त्यांच्यावर तिथल्या राज्यांनी खटले भरले, त्यातून कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रं खुली झाली आणि त्यांचा एक संच संशोधनासाठी तयार झाला. साठ लाखांवर दस्तऐवज, एक कोटी दहा लाखांवर स्कॅन केलेली पानं, पत्रं, तक्ते, बिलं, अर्ज. सिगारेट कंपन्यांनी काय दडवलं हे कळावं म्हणून बाहेर आलेल्या कागदांवर यंत्र बिल कसं दिसतं हे शिकलं.

मॉडेल एका वेळी ५१२ शब्द-तुकडे घेतं. प्रत्येक तुकडा दुसऱ्या प्रत्येकाशी ताडून पाहतो, म्हणजे २,६२,१४४ जोड्या. ही ताडणी १२ थरांत आणि दर थरात १२ वेळा स्वतंत्रपणे होते. एका पानासाठी तीन कोटी सत्त्याहत्तर लाख तुलना, आणि त्या कशासाठी, तर २३,०१९.०० हा आकडा `Grand Total` चा आहे, राउंड ऑफचा नाही, हे ठरवण्यासाठी. टेम्प्लेटने हेच काम चार तुलनांत केलं असतं. पण पाच वस्तूंच्या बिलावर लेआउटएलएमसारखं मॉडेल चटकन फसत नाही, कारण शब्द आणि आकडा दोघे मिळून १०० पिक्सेल खाली गेलेत, त्यांचं एकमेकांशी नातं तसंच आहे. कधीही न पाहिलेल्या दुकानाचं बिलही ते बऱ्यापैकी सोडवतं.

‘बऱ्यापैकी’ हा शब्द मी जपून वापरला. मूळ शोधनिबंधात दुकानांच्या पावत्यांवर त्याचे गुण शंभरात ९५ च्या वर होते, पण गिचमिड अर्जांच्या चाचणीत ७९ च्या घरात. ५१२ तुकड्यांची मर्यादा लांबलचक बँक स्टेटमेंटला जाचते. पान कापून द्यावं लागतं आणि रकान्याचं शीर्षक एका तुकड्यात, आकडे दुसऱ्यात असं होतं. पुढे याच मॉडेलची बहुभाषिक आवृत्ती आली, तिच्यासोबतचा चाचणीसंच सात भाषांचा आहे, चिनी, जपानी, स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन, जर्मन आणि पोर्तुगीज. भारतीय भाषा त्यात एकही नाही. बाजार समितीतल्या आडत्याची पट्टी, हमाली, तोलाई आणि आडत यांच्या मराठी रकान्यांसकट, असल्या मॉडेलला स्वतः नमुने दाखवून शिकवावी लागते.

आणि मुख्य मर्यादा वेगळीच आहे. लेआउटएलएम स्वतः वाचत नाही, ओसीआरने वाचलेलंच घेतं. ओसीआरने `223,019.00` दिलं, तर ते पूर्ण खात्रीने सांगेल की ही एकूण रक्कम आहे. जागेबद्दल ते बरोबरच आहे! डोनटसारखी नंतरची मॉडेलं ओसीआर वगळून थेट चित्रातून उत्तर लिहितात, पण त्यांचा धोका उलटा आहे. धूसर जागी ती शोभेल असा आकडा लिहितात, आणि तो शोभतोच.

म्हणून दोन्हींच्या मागे ताळा हवा. शाळेतला ताळा, त्याहून काही अवघड नाही. २४ गुणिले ३८५ किती, तिन्ही रकमांची बेरीज किती, नऊ टक्के किती. आपल्या बिलात १,१८० चा दर १,१३० वाचला गेला, तर सहा नगांचे ६,७८० येतात, बिलावर ७,०८० आहेत, चूक पकडली. ३,१८७.५० चं टिंब गेलं, बेरीज जुळत नाही, पकडली. दोन लाख तेवीस हजारही इथेच सापडतात, आणि एकूणच्या जागी घुसलेला एसजीएसटीसुद्धा. ताळ्याला चूक वाचण्यातली की जागेतली याच्याशी कर्तव्य नसतं.

जीएसटी क्रमांकाचा ताळा तर त्याच्या पोटातच आहे. `27ABCDE1234F1Z0` हा बनावट क्रमांक घ्या. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. पुढची दहा अक्षरं पॅनची, पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर. त्यामुळे तिसऱ्या ते सातव्या जागी शून्य आलं तर ते इंग्रजी ओ असणार हे न विचारता कळतं. शेवटचं चिन्ह आधीच्या चौदांवरून काढलेलं असतं. ए म्हणजे १०, बी म्हणजे ११ असं झेडच्या ३५ पर्यंत धरायचं, एकाआड एक चिन्हाची दुप्पट करायची, गुणाकार ३५ च्या वर गेला तर त्याला ३६ ने भागून भागाकार आणि बाकी मिळवायची, आणि सगळ्याची बेरीज करायची. या क्रमांकात ती १८० येते, ३६ ने नि:शेष भाग जातो, म्हणून शेवटी शून्य. यातलं कोणतंही एकच चिन्ह चुकीचं वाचलं गेलं, तर हा ताळा ते हमखास पकडतो. दोन-तीन चुकली, तर मात्र साधारण छत्तिसात एकदा चूक निसटू शकते.

पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ऑगस्ट २०२३ पासून इतर व्यवसायांना दिलेल्या बिलांसाठी ई-इन्व्हॉइस सक्तीचं आहे. त्यावरच्या क्यूआर कोडमध्ये दोन्ही जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, तारीख आणि एकूण रक्कम सही करून ठेवलेली असते. तिथे अक्षरं वाचत बसणं म्हणजे निव्वळ हौस आहे. क्यूआर वाचावा. ओसीआर लागतं ते बाकीच्या छोट्या दुकानांसाठी, म्हणजे नेमकं जिथे कागद वाईट असतात तिथे.

ताळा लागू पडत नाही अशा काही गोष्टी उरतातच. बिल क्रमांक `B/158` चा `8/158` झाला तर गणित गप्प बसतं. ०३/०८ ची तारीख ०८/०३ वाचली गेली तरी दोन्ही तारखा खऱ्याच. आयएफएस कोडचं पाचवं चिन्ह नेहमी शून्य असतं, तेवढी एक खूण सोडली तर त्यात ताळ्याचा अंक नाही. आणि सगळ्यांत नाजूक म्हणजे बिलाच्या तळाशी छापलेला पुरवठादाराचा खाते क्रमांक. त्याची लांबी बँकेगणिक बदलते, बाहेरच्या माणसाला पडताळता येईल असा सामाईक ताळा त्यात नाही, आणि एनईएफटीत पैसे जमा होतात ते फक्त खाते क्रमांक बघून, नाव बघून नाही. एप्रिल २०२५ पासून पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय बँकांनी द्यावी असं रिझर्व्ह बँकेने सांगितलेलं आहे. ती वापरावी, नाहीतर आधी एक रुपया पाठवून पोचल्याची खात्री करून घ्यावी. खाते क्रमांक दर बिलातून नव्याने वाचूच नये. तो एकदा तपासून नोंदवावा, आणि पुढच्या बिलावर वेगळा दिसला तर पैसे थांबवून पुरवठादाराला फोन करावा. फोन नंबरही त्या बिलावरचा घेऊ नये, आपल्या जुन्या वहीतला घ्यावा.